काडी सुराच्या आधी हलते: ऑर्केस्ट्रा हाताने चालवायची रीत

बडोद्यात गाणं-वाजवणं शिकलेल्या माणसाला कंडक्टिंग लवकर येईल असं वाटतं. लय अंगात असते, सम चुकत नाही, डोळे मिटूनही ताल धरता येतो. तरीही पहिल्याच तालमीत ऑर्केस्ट्रा फाटतो. गेली काही वर्षं दांडिया बाजारातल्या आमच्या अठरा जणांच्या तंतुवाद्य गटात मी हे पाहतोय, आणि कारण दर वेळी तेच निघतं. ताल धरताना टाळी समेवर पडते, म्हणजे जे घडलं ते हात सांगतो. कंडक्टरच्या हाताला मात्र पुढे काय घडणार ते आधी सांगावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत. त्यांचा क्रम बदलू नका, विशेषतः पहिली पायरी सोडून थेट तिसरीवर उडी मारू नका.

उदाहरणासाठी मोत्सार्टच्या जी मेजरमधल्या तंतुवाद्य सेरेनेडचा (के. ५२५, १७८७) पहिला भाग घेतो. तो चार ठोक्यांचा आहे आणि फक्त तंतुवाद्यांसाठी आहे. हौशी गट तो वाजवू शकतो, आणि त्याच्या पहिल्या चार बारमध्ये, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या चार गटांत, कंडक्टरच्या बहुतेक चुका उघड्या पडतात.

१. स्कोअर आधी, आरसा नंतर

नवशिका घरी आरशासमोर उभा राहून हात हलवतो. त्याआधी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली प्रत, घेऊन टेबलाशी बसा. प्रत्येक वाद्याची ओळ एकेकदा गाऊन काढा. पट्टी बदलून गायलात तरी चालेल, पण गायला हवी. व्हायोलाची ओळ वेगळ्या क्लेफमध्ये, म्हणजे रेघांवरच्या सुरांच्या जागा बदलणाऱ्या वेगळ्या खुणेने, लिहिलेली असते म्हणून बरेच जण ती वगळतात. मग तालमीत व्हायोलावाले चुकले की यांना पत्ताच लागत नाही.

पहिले चार बार सगळे एकच सुरावट आपापल्या सप्तकात वाजवतात. जीला सा धरलं तर पहिले दोन बार असे होतात: सा, थांब, खालचा प, सा, थांब, खालचा प, मग सा प सा ग प, आणि एक ठोका रिकामा. पुढचे दोन बार त्याचं उत्तर देतात: म, थांब, रे, म, थांब, रे, मग म रे, खालचा नि, रे, खालचा प, आणि पुन्हा एक ठोका रिकामा. दोन बारचा प्रश्न आणि दोन बारचं उत्तर. स्कोअरवर या जोड्यांच्या मध्ये पेन्सिलीने उभी रेघ मारा. असे गट पुढेही शोधत गेलात की पानभर काळे ठिपके दिसण्याऐवजी वाक्यं दिसायला लागतात.

त्यानंतर पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाला भेटून बो कुठे खाली आणि कुठे वर, हे ठरवून घ्या. इथे पहिला सा खालच्या बोने, प वरच्या, सा खालच्या, असं आळीपाळीने गेलं की दुसऱ्या बारमधला शेवटचा प खालच्या बोवर येतो. तिसरा बारही खालच्याच बोने सुरू करायचा आहे, म्हणजे त्या रिकाम्या ठोक्यात सगळ्यांना बो तारेवरून उचलून पुन्हा मुळाशी, म्हणजे हातात धरतात त्या टोकाशी, आणावा लागतो. मिनिटाला १३२ ठोक्यांच्या लयीत या कामाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. हे घरीच कळलं असेल तर तो ठोका रिकामा नाही, हेही कळतं.

*तपासा:* स्कोअर मिटून पहिले आठ बार गाता येतात का? गाता गाता दुसऱ्या व्हायोलिनची ओळ कुठे वेगळी होते, ते सांगता येतं का? येत नसेल तर कंडक्टरच्या काडीला अजून हात लावू नका.

२. उभं राहणं आणि काडी

हे थोडक्यात. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे ताठ ठेवू नका. स्टँड कमरेच्या आसपास आडवा ठेवा, नाहीतर हात त्याच्यामागे लपतात. ठोके छातीच्या खालच्या बाजूला, एका अदृश्य टेबलावर पडताहेत असं धरा. काडी अंगठा आणि तर्जनीच्या पेऱ्यांत अलगद धरायची, तिची मूठ तळव्यात विसावते. टोक वादकांकडे हवं, छताकडे नको. काडी घ्यावीच असं नाही. पण मागच्या रांगेतल्या डबल बेसवाल्याला तुमच्या बोटांपेक्षा तिचं टोक जास्त स्पष्ट दिसतं.

३. ठोक्यांचे आकार

उजव्या हाताचे आकार सगळीकडे सारखेच असतात, म्हणून अनोळखी गटासमोरही चालतात.

दोनाचा आकार: खाली, वर. खाली जाताना हात किंचित बाहेर झुकतो.
तिनाचा: खाली, उजवीकडे बाहेर, वर.
चाराचा: खाली, डावीकडे आत, उजवीकडे बाहेर, वर.

पहिला ठोका नेहमी सरळ खाली आणि शेवटचा नेहमी वर. वाचताना हरवलेला वादक मान वर करून फक्त खालचा ठोका शोधतो आणि तिथून पुन्हा गाडी पकडतो. त्यामुळे बाकी आकार थोडा वाकडा झाला तरी निभावतं. खालचा ठोका संदिग्ध झाला तर मात्र निभावत नाही.

मुख्य घोळ उसळीचा. चेंडू जमिनीवर आपटतो तसा हात त्या अदृश्य टेबलाला टेकून उसळतो. टेकण्याचा क्षण म्हणजे ठोका, उसळी म्हणजे ठोका नव्हे. पहिल्या ठोक्यानंतर हात पार डोक्यापर्यंत उसळला तर वादकाला वाटतं की चौथा ठोका आला. तालात मुरलेल्या मंडळींचा हात उलट टेबलावर टाळीसारखा चिकटून बसतो. मग ठोके तुटक दिसतात आणि दोन ठोक्यांमधला प्रवास दिसत नाही. वादक लय ओळखतात ती त्या प्रवासावरून. हात किती वेगाने खाली येतोय ते पाहून पुढचा ठोका कुठे पडेल, याचा अंदाज ते बांधतात.

*तपासा:* मोबाईलवर स्वतःचे दोन मिनिटांचे ठोके चित्रित करा. आवाज बंद करून संगीत न जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवा आणि ‘पहिला कुठला?’ असं विचारा. माझ्या बायकोने पहिल्यांदा माझा तिसरा ठोका पहिला म्हणून दाखवला होता.

४. उचल

माझा पहिला जाहीर कार्यक्रम गणेशोत्सवातला. मी दोन ठोके मोकळे दिले आणि मग सुरुवात असं मनात धरलं होतं, पण कोणाला सांगितलं नव्हतं. निम्मे जण पहिल्या ठोक्यानंतर आले, उरलेले दुसऱ्यानंतर. आमचे एक चेलोवाले गुजराती आहेत. ते तालमीत मोठ्याने ‘एक, बे’ मोजायचे आणि त्यांच्या आवाजावर सगळे चालायचे. मंचावर ते मोजू शकत नव्हते, आणि माझ्या हातात ‘बे’ नव्हतं.

उचल म्हणजे पहिल्या सुराच्या आधीचा एकच ठोका. चाराच्या आकारात सुरुवात पहिल्या ठोक्यावर असेल तर उचल म्हणजे चौथा ठोका, खालून वर. या एका हालचालीत तीन गोष्टी सांगायच्या असतात: लय, जोर आणि सुराचा स्वभाव. क्रम असा:

आधी हात उचलून थांबा, सगळ्यांचे डोळे येऊ द्या. मनात पहिला बार नव्हे, तर लयीची खात्री होते असा एखादा पुढचा बार गा. मी सा प सा ग प मनात दोनदा गातो. मग ठरलेल्या लयीतच उचल द्या आणि उचलताना नाकाने श्वास घ्या. बोवाल्यांना श्वासाची गरज नाही असं वाटतं, पण तुमचा श्वास पाहून त्यांचे बोचे हात एकत्र वर जातात. उचल जेवढ्या वेळात दिली तेवढ्याच वेळात पहिला ठोका खाली पडला पाहिजे.

बहुतेक नवशिके उचल संथ देतात आणि पहिला ठोका घाईने मारतात. बिचाऱ्या वादकांनी मग दोन वेगांपैकी कोणता धरायचा?

जोरही उचलीतच. आपला पहिला सा जोरकस आहे, म्हणून उचल मोठी आणि टोकाशी टणक हवी. तोच सा हळू हवा असता तर उचल वीतभर पुरली असती. लहान उचल देऊन खाली मोठा ठोका मारला की सुरुवात हळू येते आणि दुसऱ्या सुरावर सगळे दचकून जोर लावतात.

*सावध:* तोंडाने मोजून सुरुवात करायची सवय तालमीतही लावू नका. ती कार्यक्रमाच्या दिवशीच सुटते.

५. पहिले चार बार, हळूहळू

आता हात प्रत्यक्ष काय करतो ते पाहू. पहिला ठोका खाली, सा वाजला. दुसऱ्या ठोक्यावर शांतता आहे, प येतो त्याच्या निम्म्यावर. इथे गडबड होते. प घाईने येतो, कारण शांततेत वादकांना टेकायला काही सापडत नाही. ‘उशिरा या’ असं सांगून भागत नाही. दुसरा ठोका लहान पण नेमका द्या, टोक टिचकी मारल्यासारखं टेकू द्या. वादक त्या टिचकीवरून उसळून प वाजवतात. प स्वतः हाताने दाखवायचा नाही. मधला अर्धा ठोकाही दाखवायला लागलात की हात शिवणयंत्राच्या सुईसारखा दिसतो आणि सगळा गट जड होतो.

तिसरा ठोका पुन्हा भरीव, चौथा पुन्हा टिचकी. दुसऱ्या बारमध्ये सा प सा ग प सलग येतात. इथे हात चालू द्या, टिचक्या नकोत. मग तो रिकामा चौथा ठोका, जिथे सगळे बो उचलून मुळाशी आणताहेत. हात सोडून दिलात तर तिसरा बार विस्कळीत येतो. हा ठोका दिसायला शांत आहे, पण पुढच्या म साठी तोच उचल आहे. म्हणून तो दोन भागांत विचारात घ्या: अगदी सुरुवातीला हात हलकासा थांबतो, म्हणजे आवाज थांबतो, आणि त्याच ठोक्यात तो वर जाऊन पुढचं सांगतो. चौथ्या बारच्या शेवटीही तेच.

या चार बारसाठी आम्ही एकदा अर्धा तास दिला. पुढची पानं त्यानंतर बरीच सोपी गेली.

*तपासा:* चार बार वाजवून घ्या आणि तुम्ही हात खाली ठेवा. गट तुमच्याविना तेवढाच नेमका वाजला तर लय सगळ्यांची झाली आहे. तिसऱ्या बारला फाटला तर रिकामा ठोका अजून कच्चा आहे.

६. लय हातात ठेवणं

ऑर्केस्ट्रा नेहमी ठोक्याच्या किंचित मागे वाजतो. वादक ठोका पाहतो, मग बो हलवतो, आणि आवाज पोहोचायलाही वेळ लागतो. हवेत आवाज एका मीटरला सुमारे तीन हजारांश सेकंद घेतो. दहा मीटर मागे असलेल्या डबल बेसचा सूर तुमच्यापर्यंत तीसेक हजारांश सेकंद उशिरा येतो. तो ऐकून तुम्ही हात थांबवलात तर तो पुढच्या ठोक्याला तुमची वाट पाहतो, आणि दर बारमध्ये गाडी मंदावते. अशा वेळी कंडक्टर ‘ओढू नका’ म्हणून ओरडतो, पण ओढत असतो तोच. तबल्यासोबत वाजवताना एकमेकांना ऐकून धरायची सवय गुण असते. इथे तीच सवय दगा देते. कान मागच्यांकडे असू द्या, हात मात्र मनातल्या लयीकडे.

लय खरंच मंद झाली असेल तर ठोके मोठे करू नका, लहान करा. मोठा ठोका जास्त अंतर कापतो, म्हणून तो मंदच होतो. लहान आणि टोकदार ठोका सगळ्यांना पुढे खेचतो.

७. इशारा

इशारा म्हणजे बराच वेळ गप्प असलेल्याला ‘आता तुम्ही’ असं सांगणं. सगळ्यांना सगळे इशारे देत बसू नका. स्कोअरवर लाल पेन्सिलीने फक्त तीन जागा खुणा करा: दीर्घ शांततेनंतर येणारे, एकटे येणारे, आणि जिथे चुकलं तर इतर सगळे कोसळतील ते.

आमच्या एका कार्यक्रमात बासरीवाले होते, बैठकीत वाजवणारे, उत्तम. त्यांना चोवीस बार थांबून मग यायचं होतं. बैठकीत थांबणं आवर्तनांवर आणि समेवर तोललेलं असतं. कागदावरचे रिकामे बार मोजायची त्यांना सवय नव्हती. मी त्यांच्या ठोक्यावर बोट दाखवलं. ते दचकले आणि एक ठोका उशिरा आले. चूक माझी. ठोक्यावर दाखवलेला इशारा कायम उशिरा पोहोचतो.

इशाऱ्याचा क्रम असा. एक-दोन बार आधी त्यांच्याकडे पहा, नुसतं पहा, म्हणजे त्यांना कळतं की वेळ आली आणि ते वाद्य उचलतात. आधीच्या ठोक्यावर डाव्या हाताने किंवा नुसत्या भुवईने उचल द्या, श्वासासह. प्रत्यक्ष ठोक्यावर फक्त मोकळी हालचाल हवी. तोपर्यंत वाजणार ते ठरून गेलेलं असतं. इशारा हळुवार सुरासाठी असेल तर बोट रोखू नका, तळवा वर करून द्या. उजवा हात आपला आकार सोडत नाही. इशारा देताना तोही तिकडे वळला की बाकीचे सतरा जण पोरके होतात.

*सावध:* इशारा द्यायला डोळे मोकळे लागतात. डोळे स्कोअरमध्येच असतील तर पहिली पायरी अर्धवट राहिली आहे.

८. आवाजाला आकार देणं

इथे डावा हात लागतो. तो उजव्याची नक्कल करत राहिला तर वाया जातो. दोन्ही हात आरशातल्यासारखे हलणं ही नवशिक्याची सर्वांत ठळक खूण. डावा हात शरीराजवळ शांत ठेवायला शिका. काम असेल तेव्हाच तो बाहेर यावा.

आपल्या उदाहरणात २८व्या बारला दुसरी सुरावट येते, डी मेजरमध्ये, हळू. आधीचं जोरकस आवरून एकदम नाजूक व्हायचं आहे. बहुतेकांचा उजवा हात २८व्या बारच्या पहिल्या ठोक्यावर लहान होतो, म्हणजे उशिरा. तो सूर आधीच जोरात वाजून गेलेला असतो. आधीच्या बारचा शेवटचा ठोका लहान करा, हात शरीराजवळ घ्या, डावा तळवा वादकांकडे किंचित दाखवा. मग पहिला सूरच हळू येतो.

हळू वाजवायचं म्हटलं की हौशी गट लयही मंद करतो आणि सूर भुसभुशीत होतो. यावर ‘हळू’ एवढंच सांगू नका. ‘बो कमी वापरा, बोच्या वरच्या टोकाशी वाजवा’ असं सांगा. जोर हवा असेल तर ‘बो जास्त, मुळाच्या बाजूला’. व्हायोलिनवाल्याच्या हाताला भावना सांगण्यापेक्षा बोची जागा सांगितलेली बरी. त्याला लगेच करता येतं.

पुढचा प्रश्न समतोलाचा. आमच्याकडे अकरा व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो आणि एक बेस. आपोआप वाजू दिलं तर फक्त व्हायोलिन ऐकू येतात. म्हणून कंडक्टरच्या जागेवरून खाली उतरून हॉलच्या मागे जाऊन एकदा ऐका, गट तेवढ्यापुरता प्रमुखावर सोपवून. समोर उभं राहून ऐकलेला समतोल फसवा असतो, कारण व्हायोलिनवाले तुमच्यापासून दोन हातांवर बसलेले असतात. साथ पुढे यायला हवी असेल तर साथीला वाढवण्याआधी सुरावट कमी करून पहा. तेवढ्याने बहुधा भागतं, आणि एकूण आवाज चढत नाही.

स्वर जोडलेले हवेत की तुटक, हेही ठोक्यांमधल्या प्रवासावर ठरतं. जोडलेल्यासाठी हात मधात बुडालेल्या चमच्यासारखा सलग, तुटकासाठी टोकाशी टिचकी आणि मग स्तब्ध. नुसतं ‘जोडून वाजवा’ म्हणून हात टिचक्या मारत राहिला तर वादक हाताचं ऐकतात, तोंडाचं नाही.

९. थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं

सूर लांबवून धरायच्या जागेला फर्माटा म्हणतात. इथे मोजणं थांबतं आणि सगळा गट तुमच्या हातावर असतो. बेटोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात याचं सर्वांत कठीण उदाहरण. दोन ठोक्यांचा बार, पण लय एवढी जलद की बारला एकच ठोका देतात. पहिल्या बारचा ठोका शांततेवर पडतो, त्यानंतर तीन सूर, आणि दुसऱ्या बारचा सूर फर्माट्यावर धरलेला. लगेच पुन्हा तसंच, फक्त या वेळी शेवटचा सूर दोन बारभर.

धरलेल्या सुरावर हात पूर्ण गोठवू नका, नाहीतर बो संपतो आणि आवाज विझतो. हात अगदी सावकाश सरकत ठेवा. मग सूर तोडायची हालचाल, मनगटाची छोटी गिरकी. इथे निर्णय घ्यावा लागतो: तोडल्यावर शांतता हवी की लगेच पुढे? लगेच हवं असेल तर तोडण्याची गिरकीच वर जाऊन पुढची उचल होते, वेगळी उचल द्यायची नाही. शांतता हवी असेल तर गिरकीनंतर हात थांबतो आणि मग स्वतंत्र उचल. दोन्हींच्या मधलं काहीतरी केलंत तर निम्मे पुढे जातात. तुम्ही काय ठरवलंय ते तालमीत एकदा तोंडाने सांगून टाका, मंचावर कोणीही अंदाज बांधू नये.

१०. तालमीत थांबलात तर

थांबल्यावर तीनच गोष्टी बोला, याच क्रमाने: कोण, कुठे, काय. ‘दुसरे व्हायोलिन, बारावा बार, बो कमी.’ आधी चूक सांगितली की सगळे आपापली चूक शोधत बसतात आणि जागा कोणी ऐकत नाही. मग बार क्रमांक दोनदा सांगा, उचल द्या, पुढे चला. एका थांब्यात एकच गोष्ट दुरुस्त करा. तीन सांगितल्या तर तिसरीच लक्षात राहते.

दर तालमीचं चित्रीकरण वादकांच्या बाजूने करा, म्हणजे कॅमेरा दुसऱ्या व्हायोलिनशेजारी ठेवा, तुमच्याकडे तोंड करून. घरी पाहताना आधी आवाज बंद ठेवा आणि हातावरून बोला: आता जोर येणार, आता चेलो येणार, आता थांबणार. मग आवाज सुरू करून तोच भाग पुन्हा पहा. जिथे आवाज हाताच्या आधी आला, ते बार वहीत लिहा. पुढच्या तालमीत सुरुवात त्यांच्यापासून.